घेतली

आईच्या गोळ्यांचा तक्ता मीच केलेला, फोनवर, मला, भावाला आणि वहिनीला दिसेल असा. मी डोंबिवलीत, आई कोपरीला भावाकडे. तारीख, गोळी, वेळ, कोणी दिली, आणि खाली डॉक्टरांच्या तारखा. केवढी मिजास होती मला त्या तक्त्याची!

आईच्या हृदयाचे ठोके अनियमित होते. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रोज रात्री जेवणानंतर एक गोळी, तक्त्यात नऊची वेळ मी आधीच भरून ठेवलेली. ती चुकवायची नाही, हे डॉक्टरांनी बजावलेलं.

शुक्रवारी पाकीट संपलं. शनिवारी भाऊ सेकंड शिफ्टला जाताना मेडिकलमध्ये गेला. तिथे दोनच गोळ्या मिळाल्या. म्हणून या पठ्ठ्याने शनिवार आणि रविवार, दोन्ही रकान्यांत लिहून टाकलं, ‘घेतली’. आणि गोळ्या राहिल्या त्याच्या बॅगेत. वहिनीने वाचलं, दोन्ही दिवस तिला वाटलं नवऱ्याने कामावर जातानाच भरवली. परत कशाला द्या?

रविवारी रात्री मी फोन केला. आई म्हणाली, “अगं, ती रात्रीची लाल गोळी काल नाही दिली कोणी. आजपण नाही.”

“आई, घेतलीयस तू. इथे लिहिलंय. विसरतेस हल्ली.”

“बरं बाई,” म्हणाली आणि फोन ठेवला.

सोमवारी सकाळी चहा पिताना कप हातातून पडला. तोंड वाकडं, उजवा हात लुळा, वाचा बंद. वहिनीने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मी धावत पोचले तोवर डोक्याचा फोटो काढून झालेला. डॉक्टरांनी विचारलं, “रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे ना? शेवटची कधी घेतली?”

मी फोन पुढे केला. “काल रात्री, नऊ वाजता.”

“मग गुठळी विरघळवायचं इंजेक्शन नाही देता येणार. त्या गोळीवर दिलं तर मेंदूत रक्तस्राव होईल.”

आई डावा हात जोरजोरात हलवत होती. मला वाटलं, घाबरलीय. मी तो हात दाबून धरला.

भाऊ सेकंडनंतर रात्रपाळीही करून कंपनीतच झोपलेला, फोन बंद. दुपारी आला. मी तक्ता दाखवला तसा तो पांढराफटक पडला. बॅगेतून दोन गोळ्या काढल्या.

“अगं, घेतली म्हणजे विकत घेतली!”

मेल्या, एक शब्द जास्त लिहायला काय झालेलं तुला? मी तिथेच ओरडले. शुक्रवारनंतर गोळी पोटात गेलेलीच नव्हती. डॉक्टरांना सांगायला पळाले. त्यांनी घड्याळ बघितलं. सकाळी कळतं तर इंजेक्शनचा विचार करता आला असता, ते साडेचार तासांतच देता येतं, आता वेळ टळली, म्हणाले.

बाहेर भाऊ रडत होता. रडता रडता मलाच म्हणाला, “तू तरी एकदा आईला विचारायचंस गं.”

वहिनी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, “सुचलं नाही रे.”

आईने मला सांगितलेलं, हे त्या दोघांना अजून माहीत नाही. आता आई काही सांगू शकत नाही.