ओवाळणी परत पाठवलेली दिवाळी

कोंडिबाला आमच्या वाडीत सगळे बँक म्हणतात. "बँक उघडली का?" म्हणजे कोंडिबाचं दुकान उघडलं का. माझी पिठाची गिरणी त्याच्या दुकानाला लागूनच आहे. मधे पत्र्याची भिंत, त्यामुळे तिकडचं सगळं मला ऐकू येतं आणि न ऐकण्याचं सोंग मी कधी घेतलेलं नाही.

आमची वाडी धरणाच्या वरच्या अंगाला. खरी बँक पौडला. जायला यायला एसटीचा भरवसा नाही, रिक्षावाला मागेल तो भाव. पाचशे रुपये काढायला माणसाची दोनशेची नोट मोडते आणि दिवस जातो तो वेगळाच. म्हणून नऊ वर्षांपूर्वी कोंडिबाने किराणा मालाच्या दुकानात एक काउंटर मांडला, बोटाचे ठसे घेणारं छोटं यंत्र आणलं आणि एका पेमेंट कंपनीचा एजंट झाला.

धंदा बघायला सोपा आहे. कोंडिबाकडे दोन ठिकाणी पैसे असतात, गल्ल्यात नोटा आणि मोबाइलच्या वॉलेटमध्ये बॅलन्स. म्हातारी पेन्शन काढायला आली की आधार नंबर सांगते, बँक सांगते आणि यंत्रावर बोट ठेवते. तिच्या खात्यातले पैसे कोंडिबाच्या वॉलेटमध्ये येतात, तो गल्ल्यातून तिला नोटा देतो. रिसॉर्टवर काम करणारा झारखंडचा मजूर आला की उलटं. तो नोटा देतो, कोंडिबा वॉलेटमधून त्याच्या गावच्या खात्यात पैसे टाकतो. एकाच्या नोटा दुसऱ्याला, दुसऱ्याचा बॅलन्स तिसऱ्याला. गल्ला रिकामा झाला तरी पंचाईत आणि वॉलेट रिकामं झालं तरी पंचाईत. मग स्कूटर काढून पौड गाठायचं. माणूस रागीट आहे, तोंडाने फटकळ आहे, पण गल्ल्यात पैसे असताना "न्हाईत" असं तो कुणाला कधी म्हणाला नाही. याचा त्याला फार अभिमान. मी त्याला चिडवायचो, की तुझा बोर्ड लाव, इथे नाही हा शब्द मिळणार नाही म्हणून.

रत्नाबाई त्याच्या सर्वांत जुन्या गिऱ्हाइकांपैकी. वय पासष्ट, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही. आयुष्यभर नाचणी खणली, भात लावला, बोटांच्या रेषा पार झिजून गेल्या. यंत्र तिचं बोट ओळखतच नसे. कोंडिबा ओल्या फडक्याने तिची बोटं एकेक पुसायचा, अंगठा नाही तर मधलं, मधलं नाही तर करंगळी, आणि तोंडाने दोघांचं भांडण चालू.

"आक्का, जरा दाबून धर की."

"दाबतीया की मेल्या, अजून काय यंत्राला गिळू का?"

रत्नाबाईचं माहेर नेऱ्याचं. एकच भाऊ, शंभू. तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, तिने कडेवर वाढवलेला. दर भाऊबीजेला तो मोटारसायकल घेऊन यायचा आणि रत्नाबाई त्या दिवशी वाडीत कुणाशी धड बोलत नसे, इतकी घाईत असायची. मग नेऱ्याच्या जमिनींना सोन्याचा भाव आला. बापाची जमीन विकायची तर बहिणीची सही लागते. सही मागायला शंभू आला नाही. एजंट आला, जमिनीचा. सोबत एक साडी आणि सहीच्या जागी फुल्या मारून ठेवलेले कागद. रत्नाबाई हिश्शासाठी हटून बसली नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. तिला भाऊ यायला हवा होता. तिने वर्षभर सही दिली नाही, व्यवहार रखडला, आणि शेवटी पौडच्या कचेरीत जाऊन दिली. त्यानंतर शंभू आमच्या वाडीकडे फिरकला नाही. पाच वर्षं झाली. दर भाऊबीजेला ही बाई रांगोळी काढते, पाट मांडते, ताट करते आणि अंधार पडला की पाट उचलून भिंतीला लावते. बघवत नाही.

गेल्या खेपेची ही गोष्ट. लक्ष्मीपूजन शुक्रवारी, पाडवा शनिवारी आणि भाऊबीज रविवारी आली होती. म्हणजे बँक सलग तीन दिवस बंद. त्यात झारखंडच्या मजुरांचा छठचा सण तोंडावर आलेला, त्यांना घरी पैसे पाठवायची घाई. गुरुवारीच कोंडिबाचं वॉलेट आटत आलं होतं आणि गल्ला नोटांनी भरला होता.

शुक्रवारी सकाळी दुकानाच्या क्यूआरवर पाचशे एक रुपये आले. नाव दिसलं अनिकेतचं, शंभूच्या मुलाचं. खाली लिहिलेलं, "रत्ना आत्यासाठी, भाऊबीज." आमच्याकडे अशीच रीत आहे. नातेवाईक कोंडिबाच्या नंबरावर पैसे टाकतात, तो ज्याचे त्याला नोटांनी देतो. खात्याचा नंबर कुणाला पाठ असतो?

कोंडिबा हर्षाने ओरडतच तिच्या दारात गेला. मीही मागोमाग गेलो, गिरणी बंदच होती.

रत्नाबाईने ऐकलं आणि तिचा चेहरा एकदम लख्ख झाला. मग हळूहळू बदलला.

"कुणी दिलं?"

"शंभूनं. पोराच्या फोनवरनं आल्यात."

"सहीला एजंट. आन ओवाळणीलाबी एजंट," ती म्हणाली. "वाढवला म्यां त्याला, आन ह्यो मला क्यूआरवर ओवाळणी धाडतुया? परत धाड. सांग, हितं रोकड न्हाई म्हणावं. ओवाळणी द्यायची तर नोट घिऊन ये."

"आक्का, गल्ला भरून वाहतोय. मी कसं म्हणू?"

"माज्यासाठी म्हण."

कोंडिबा तासभर चरफडत बसला. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याने पैसे परत पाठवले आणि खाली लिहिलं, "इथे रोकड नाही. स्वतः घेऊन या." लिहिल्यावर माझ्यावरच खेकसला, जणू खोटं मी बोललो होतो.

शनिवारी एक हजार एक आले.

"बघ, तिकडं काय समजले," कोंडिबा कपाळाला हात लावून म्हणाला. "यांना वाटलं पाचशे कमी पडले."

रत्नाबाईला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. "मला भाव वाढवून पायजे, आसं वाटतंय त्याला?" एवढंच बोलली आणि आत गेली. आम्ही बाहेर उभे. आतून भांड्याचा आवाज येत राहिला. कोंडिबाने तेही परत केले. मला तिचा राग आला होता, खरं सांगतो. इतका ताठा कशाला? घ्यायचे, शंभूला फोन लावायचा, मोकळं व्हायचं. पण दुसऱ्याच्या घरची ओढ आपल्या हातात नसते.

रविवारी सकाळी मनीष दुकानात आला. रिसॉर्टच्या बागेत काम करणारा, झारखंडातल्या पलामूचा. हातात नोटा, एकूण दोन हजार रुपये. "चाचा, आज भेजना ही है. परसों से छठ शुरू है, घर में माँ अकेली है."

"बॅलन्स नहीं है रे. बँक बंद. कल आ."

"कल तो बाजार निकल जाएगा, चाचा."

तेवढ्यात फोन वाजला. क्यूआरवर दोन हजार एक. आता खात्यात आलेले हे पैसे वॉलेटमध्ये भरले की मनीषचं काम होतं आणि मनीषच्या नोटा रत्नाबाईच्या हातात पडतात. धंदा याच्यावरच तर चालतो. पण रत्नाबाई हो म्हणायला हवी. पैसे तिचे, ती परत कर म्हणाली तर परत. कोंडिबाने मनीषला बाकड्यावर बसवलं आणि मला म्हणाला, "जा, बोलाव तिला. माज्यानं न्हाई व्हायचं."

रत्नाबाई आली ती नवी साडी नेसून. अंगणात पाट मांडूनच आली होती. तिने आकडा ऐकला, मनीषकडे बघितलं, काही बोलणार तेवढ्यात कोंडिबाचा फोन परत वाजला. या वेळी पैसे नव्हते, खुद्द अनिकेत होता. कोंडिबाने फोन स्पीकरवर टाकला.

"काका, आत्या पैसे का रिटर्न करतीये? रोकड नाही म्हणता, मला माहितीये तुमच्याकडे असते. कमी पडतायत का?"

"आत्या हितंच हाय. तिलाच विचार."

रत्नाबाई फोनाकडे वाकून मोठ्याने बोलली. "अनिकेत, बापाला सांग, मला पैसं नगं. त्यानं यावं."



"आत्या, बाबांना यातलं माहीत नाही. हे माझ्या पगारातले आहेत. मला वाटलं, तुला कुणीतरी ओवाळणी द्यायला हवी."

रत्नाबाईने काउंटर धरला.

"आणि ते कसे येतील?" अनिकेत म्हणाला. "पौडला सही केलीस तेव्हा तूच म्हणालीस ना, माझ्या दारात पाऊल टाकू नको म्हणून. दर भाऊबीजेला सकाळी अंघोळ करून, नवा शर्ट घालून ओट्यावर बसतात. चपला पायातच. जेवा म्हटलं तर म्हणतात, थांब, बोलावणं येईल. आत्ताही तिथेच बसलेत."

मी रत्नाबाईला वीस वर्षं बघतोय. नवरा गेला तेव्हा ती रडली होती, पण असं तोंड मी पाहिलं नव्हतं. हे ती आम्हाला कधीच बोलली नव्हती. पाच वर्षं आम्ही सगळे शंभूला शिव्या घालत होतो आणि ती ऐकून घेत होती.

"व्हय," ती म्हणाली. "म्हणले व्हते. रागात म्हणले व्हते."

"बाबांना देऊ का फोन?"

"नगं! फोनवर नगं." मग तिने आवाज सावरला. "त्याला काय बी सांगू नगंस. निस्तं उठू दिऊ नगंस त्याला तितनं. मी येतीया."

भाऊबीजेला भाऊ बहिणीकडे जातो, बहीण भावाकडे जात नाही. कोंडिबा हे बोलायला तोंड उघडत होता, मी त्याच्या पायावर पाय दिला.

रत्नाबाईने कोंडिबाकडे हात पसरला. "दे नोटा."

"घेतेस?"

"भावाचं आसतं तर घेतलं नसतं. पोराच्या घामाचं हाय. आन मला गाडीभाडं लागंल."

कोंडिबाने पैसे वॉलेटमध्ये भरले. मनीषच्या फोनवर आलेला ओटीपीचा आकडा त्याने कोंडिबाला वाचून दाखवला आणि पैसे पलामूकडे गेले. कमिशन कोंडिबाने घेतलं नाही, वर मनीषलाच दटावलं की माँला फोन कर. मनीषच्या नोटा आणि वरचा एक रुपया रत्नाबाईच्या पदरात पडला. ती घरी गेली, तबक फडक्यात बांधून घेऊन आली. मी रिक्षा थांबवून ठेवली होती आणि भाड्यावरून रिक्षावाल्याशी भांडूनही झालं होतं.

बसायच्या आधी ती माझ्याकडे वळली. एवढी भांडखोर बाई, पण आवाज अगदी लहान झाला होता.

"पाच वर्सं झाली," ती म्हणाली. "लई म्हातारा झाला आसंल का रं तो?"