खुर्च्या पांढऱ्या, केस काळे

मला काहीही दुरुस्त करता येत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मला ते दर वेळी नव्याने कळतं. नळाचा वॉशर बदलायला गेलो तर अख्ख्या इमारतीचं पाणी बंद करावं लागतं, आणि घड्याळात सेल घातला तर ते नेमकं तेव्हापासून बंद पडतं. बायको म्हणते, "तुम्ही फक्त बघत बसा हो, तेवढं तुम्हाला छान जमतं." आता आयुष्यभर ऑफिसात इकडचे कागद तिकडे केलेल्या माणसाकडून अजून काय अपेक्षा ठेवणार म्हणा!

पण आमची मुलगी दातांची डॉक्टर झाली, तिने चौकापलीकडे पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचा दवाखाना घेतला, आणि माझ्या अंगात नवा उत्साह संचारला. तिच्या दवाखान्यात मी रिसेप्शनवर बसायचं, हे मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. फोन घ्यायचे, नावं लिहायची, "बसा, डॉक्टर बोलावतील" असं भारदस्त आवाजात म्हणायचं. निवृत्त झाल्यापासून मला कोणी काही विचारलेलं नव्हतं, "भाजी कुठली आणू" हेसुद्धा मीच विचारायचो.

मुलगी मात्र विषय टाळायची. "बाबा, दमाल हो तुम्ही. बघू." हे "बघू" म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक होतं. मी ते ऑफिसात लोकांना हजारदा ऐकवलेलं आहे.

म्हटलं, आधी आपण कामाचे आहोत हे हिला दाखवून देऊ. वेटिंग रूमसाठी ती खुर्च्या आणि औषधं-सामान ठेवायला झाकणाचे मोठे डबे विकत आणणार होती. मी लगेच पुढे सरसावलो. "विकत कशाला? आपल्या गच्चीत सहा खुर्च्या पडल्यात की! तीन मोठे डबेसुद्धा आहेत. सगळं पांढरं."

"पांढरं?" मुलगी म्हणाली. "बाबा, ते पिवळं झालंय. दात साफ करून घ्यायला आलेल्या माणसाला मी पिवळ्या खुर्चीत बसवू?"

खरं होतं ते. वर्षानुवर्षं ऊन खाऊन त्या खुर्च्या जुन्या वर्तमानपत्राच्या रंगाच्या झाल्या होत्या. हात फिरवला की तळव्याला पांढरी भुकटी लागायची. गच्चीत बसणारा प्रत्येक जण आधी खुर्ची हलवून बघायचा, मग अर्ध्या बुडाने टेकायचा.

"मी करतो पांढऱ्या," मी म्हणालो. बायकोने कपाळाला हात लावला.

पहिल्या दिवशी मी कपड्यांचं ब्लीच ओतलं. कपडे पांढरे होतात म्हणजे खुर्च्याही होणार, इतका सरळ हिशोब. संध्याकाळी बघतो तर पिवळेपणा जागच्या जागी, उलट दोन खुर्च्या आणखी पिवळट दिसायला लागल्या. मुलगी वर आली, वास घेतला आणि ओरडलीच. "बाबा! याने प्लास्टिक उलट खराब होतं. आधी धुऊन टाका सगळं, अगदी स्वच्छ. आणि यात दुसरं काही मिसळू नका, गुदमराल." मग जरा शांत होऊन म्हणाली, "हायड्रोजन पेरॉक्साइड लागेल. आम्ही दात उजळायला वापरतो ना, त्याच जातीचं. केसांना रंग देण्याआधी लावतात ते क्रीम असतं, ते आणा. ते लावायचं आणि उन्हात ठेवायचं. मात्र वाळू द्यायचं नाही. आणि हातमोजे घाला."

केसांचं क्रीम म्हटल्यावर मी जरा चपापलो. कारण मी कलप लावतो. दर पंधरवड्याला, बाथरूमचं दार लावून. बायकोला माहीत आहे, मुलीला माहीत आहे, खालच्या इस्त्रीवाल्यालाही माहीत असावं, पण माझ्यापुरतं ते गुपित आहे. सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात गेलो तर दुकानदाराने काही न विचारता माझी नेहमीची काळी डबी काउंटरवर ठेवली. मी म्हणालो, "ते नको, पेरॉक्साइडचं मोठं क्रीम द्या." तो म्हणाला, "काका, आता सोनेरी करताय?" दुकानातल्या दोन मुली फिस्सकन हसल्या. कलपाच्या डबीतल्या दुसऱ्या ट्यूबमध्येही हेच असतं, हे त्याने सांगितलं तेव्हा कळलं. म्हणजे ज्याच्या जोरावर मी काळा होत होतो, त्याच्याच जोरावर आता खुर्च्या पांढऱ्या होणार होत्या.

दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. साबणाच्या पाण्याने घासलं, पण ती भुकटी निघेना. मग बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवला, तेव्हा कुठे वरचा खरबरीत थर गेला. त्यावर ब्रशने क्रीम फासलं, स्वयंपाकघरातलं पातळ प्लास्टिक गुंडाळलं आणि उन्हात ठेवलं. हातमोजे? ते काय बायकांनी घालायचे, असं मनात म्हटलं. अर्ध्या तासात माझ्या बोटांची टोकं पांढरीफटक पडली आणि चुरचुरायला लागली. खुर्चीच्या आधी मीच पांढरा झालो. बायकोने नळाखाली हात धरून ठेवला आणि वर म्हणाली, "वा! डॉक्टरीणबाईंचे वडील ना तुम्ही?"

गुंडाळलेलं प्लास्टिक जिथे फुगलं होतं तिथे क्रीम वाळलं, त्यामुळे खुर्च्यांवर पांढरे-पिवळे पट्टे उठले. मांजरीने पाहून घाबरावं अशा दिसत होत्या. मग हातमोजे घालून पुन्हा सगळं केलं. या वेळी प्लास्टिक नीट दाबून बसवलं, मधूनमधून उघडून क्रीम पुन्हा लावलं, खुर्च्या फिरवत राहिलो. खाली-वर, खाली-वर. कधी पाणी विसरलो, कधी ब्रश. जिन्यात मध्ये मध्ये कठड्याला टेकून उभा राहायचो. बायकोने विचारलं तर म्हणायचो, "कठडा हलतोय का बघतोय."

"रोजच बघताय," ती म्हणाली.

आणि काय सांगू, झाल्या की हो पांढऱ्या! अगदी दुकानातल्यासारख्या नाहीत, दुधात चमचाभर चहा पडावा इतका रंग राहिला, पण पांढऱ्या. वरून गाडीचं पॉलिश मारलं तर चकाकायला लागल्या. डबे तर नवेच दिसत होते. एका डब्याचं झाकण लावताना त्याची कडी कट्‌कन तुटून माझ्या हातात आली. मी ती खिशात टाकली. म्हटलं, या डब्यालाच नीट बंद व्हायची अक्कल नाही.

मुलगी वर आली, बघतच राहिली. "बाबा, खरंच?" म्हणाली. मग खुर्चीवर हात फिरवत, "उद्या सकाळी या दवाखान्यात. रिसेप्शनवर." मला इतका आनंद झाला की रात्री पुन्हा कलप लावला.

पहिल्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून टेबलामागे बसलो. पहिला पेशंट म्हणजे समोरच्या ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. देह असा की गाडीत बसले की गाडी एका बाजूला कलते. गालाला रुमाल लावून कण्हत आले. मी माझ्या भारदस्त आवाजात म्हणालो, "बसा, डॉक्टर बोलावतील."

मास्तर बसले. पाठ टेकवून, पाय पसरून, पूर्ण भाराने, निर्धास्त. खुर्चीचा मागचा पाय तडकत गेला, मग दुसरा, आणि मास्तर जमिनीवर. रुमाल मात्र गालावरच होता.

"अहो," ते तिथूनच म्हणाले, "दात दाखवायला आलो होतो, आता कंबर दाखवू का?"

नशीब, लागलं काही नव्हतं. मुलगी धावत आली, त्यांना उठवलं, आत नेलं. मी "माफ करा, माफ करा" एवढंच म्हणत राहिलो. आत जाताना मास्तर म्हणाले, "पांढरीशुभ्र दिसली हो, म्हणून बिनधास्त बसलो. जुनी दिसली असती तर आधी दाबून नसती का बघितली!"

दाढ काढून मास्तर गेल्यावर मुलीने उरलेल्या पाचही खुर्च्या एकेक करून दाबून बघितल्या. पाठ वाकवली, पायांवर जोर दिला. तीन खुर्च्यांच्या पायांना केसासारख्या चिरा होत्या. मी खिशातली कडी काढून टेबलावर ठेवली. ती मोडलेली कडी तिने बोटाने चुरली, तर तिचे खडे खडे झाले.

"ऊन नुसता रंग नाही नेत बाबा," ती म्हणाली. "प्लास्टिकच ठिसूळ होतं. तुम्ही वरचा रंग आणलात परत. आतली ताकद कशी आणणार?"

 माझं पितळ उघडं पडलं होतं, आता "बघू" ऐकायचं आणि घरी जायचं, एवढंच डोक्यात होतं. वाईट वाटत होतं, अगदी रडू येईल इतकं. पण ती खुर्च्यांकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती. काळ्याभोर केसांकडे.

"बाबा, या जिन्यात सकाळी किती वेळा थांबलात?"

"छे! एकदाही नाही."

सकाळी मला सोडायला आलेली बायको आता डबा घेऊन दारातच उभी होती. तिने तीन बोटं वर केली.

"आई, तू मला सांगितलं का नाहीस?"

"मी काय सांगणार! मला म्हणतात कठडा बघतोय. आणि बघणाऱ्याला वाटतं, केवढे तरुण आहेत. परवा बाजारात भाजीवाल्याने दोन्ही जड पिशव्या यांच्याच हातात दिल्या."

मुलीने दवाखान्याच्या दाराला आतून कडी लावली, मला तिच्या पेशंटच्या खुर्चीत झोपवलं आणि मनगट धरलं. दातांच्या डॉक्टरला नाडी कळते, हे मला तेव्हा कळलं. दुपारी हृदयाच्या डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, वेळेवर आणलंत.  बाहेर आल्यावर मुलगी माझा हात घट्ट धरून चालत राहिली, आणि चौकात मध्येच थांबून ओरडली, "मी रोज दिवसभर लोकांच्या तोंडात बघते, आणि माझा बाप जिन्यात धापा टाकतो ते मला दिसत नाही! का लपवता तुम्ही?"

मी म्हणालो, "तू रिसेप्शनवर ठेवलं नसतंस."

ती रडली. मग मीही.

आता दवाखान्यात नव्या खुर्च्या आहेत. माझ्या सहांतल्या दोन धड निघाल्या, त्यातली एक माझ्या टेबलामागे असते. रोज सकाळी बसण्याआधी मी ती दाबून बघतो. कलप बंद केल्यापासून केस मुळाशी पांढरे आणि टोकाला काळे झालेत, म्हणजे पट्टे उठलेत, पहिल्यांदा क्रीम लावलेल्या त्या खुर्च्यांसारखे. पेशंट मला "काका, तुम्ही बसा हो, आम्ही थांबतो" म्हणतात. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा राग आला होता.

काल मुलगी माझ्या मागोमाग जिना चढत होती. मध्ये थांबलो. ती पण थांबली. मी म्हणालो, "कठडा नाही गं बघत. दम लागलाय."

"माहितीये," ती म्हणाली आणि माझ्याबरोबर कठड्याला टेकून उभी राहिली.