दिवाळीआधीचा गिलावा

आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांना भाषण करायला कारण लागत नाही, फक्त माइक लागतो. वाकडमधल्या आमच्या उंच इमारतीची पश्चिमेची भिंत उन्हाळ्यात तव्यासारखी तापते. तिला बाहेरून फोमचं अस्तर लावायचं ठरलं, तेव्हा सभेत त्यांनी 'स्वित्झर्लंड' हा शब्द इतक्या वेळा उच्चारला की एखाद्याला वाटावं, आम्ही देशच बदलतो आहोत.

मी चाकणला, इमारतींसाठी उष्णतारोधक पाट्या बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर वस्तू पेटवायच्या आणि त्या किती वेळात, कशा जळतात ते पाहायचं. घरी आल्यावर मला उदबत्तीसुद्धा जरा लांबूनच बरी वाटते.

अस्तराचा विक्रेता सभेला आला तेव्हा त्याने या धंद्यातला ठरलेला खेळ केला. फोमचा, म्हणजे ज्याला आपण थर्माकोल म्हणतो त्याचाच सुधारलेला, पुस्तकाएवढा तुकडा हातात धरला आणि खालून लायटर लावला. तुकडा लायटरपासून मागे सरकत आकसला, त्याला खळगा पडला, आणि ज्योत काढताच सगळं विझलं. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी तर स्वतः लायटर मागून घेऊन तोच खेळ पुन्हा केला.

खेळ खोटा नव्हता. अडचण तीच होती. या फोममध्ये आग रोखणारं द्रव्य घातलेलं असतं, त्यामुळे तो छोट्या ज्योतीसमोर आकसून दूर जातो. पण साहित्याच्या आगीच्या वर्गवारीत त्याचा नंबर पार खालच्या बाजूला लागतो. वरच्या वर्गात दगडी लोकर, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंची गादी, बसते, कारण ती मुळात जळतच नाही. छोटी ज्योत सोसणं ही एक परीक्षा आणि खिडकीतून बाहेर पडलेली मोठी आग सोसणं ही दुसरी. पहिलीत पास झालेला दुसरीत सपशेल नापास होऊ शकतो. म्हणून उंच इमारतीवर असा फोम उघडा ठेवत नाहीत. त्यावर काचतंतूंची जाळी बसवून सिमेंटचा गिलावा चढवतात आणि खिडक्यांच्या वर व मजल्यामजल्याला दगडी लोकरीचे पट्टे घालतात, म्हणजे आगीला वर चढायला सलग वाट उरत नाही. काही देशांत तर ठराविक उंचीच्या वर तो लावूच देत नाहीत. सभेत मी दगडी लोकरच लावा असं सुचवलं. ती जाड आणि जड, म्हणून कुणाला नको होती. निदान पट्टे आणि गिलावा तरी, एवढं मान्य झालं.

पट्टे लागले. फोम लागला. पुढचं काम थांबलं.

झालं असं की, गिलाव्याचे दोन थर असतात. आतला जाळीचा करडा थर आणि बाहेरचा रंगीत थर. रंगीत थर तुकड्यातुकड्यांत केला तर सांधे उमटतात, म्हणून तो अख्ख्या भिंतीवर एका दमात करतात. हे अध्यक्षांनी कुठून तरी ऐकलं होतं, पण अर्धंच. त्यांनी कंत्राटदाराला बजावलं की भिंतीवर एकही सांधा दिसता कामा नये, सबंध फोम लागल्याशिवाय गिलाव्याला हात लावू नका. आतला थर मजल्यामजल्याने लगेच चढवायचा असतो, हे कंत्राटदाराला ठाऊक होतं. पण यजमानांना कोण सांगतं की आमटीत मीठ त्यांनीच जास्त घातलंय. त्याने मान डोलावली. दिवाळी तोंडावर आली तेव्हा आमची भिंत तळापासून गच्चीपर्यंत पांढरीशुभ्र, उघड्या फोमची होती, मध्ये फक्त दगडी लोकरीच्या रेघा; आणि गिलाव्याविना त्या रेघा ज्वाळेला अडवत नाहीत, ती त्यांना बाहेरूनच ओलांडते.

अध्यक्षांना ती इतकी आवडली की पाडव्याला तिचं उद्घाटन ठरलं. मांडव भिंतीला लागून, कारण फोटोत मागे पांढरं यायला हवं. दोन्ही बाजूंना फटाक्यांच्या लडी, वरून सोडलेल्या.

त्या मांडवाचा नकाशा पाहिला आणि मी त्यातलं सामान मोजू लागले. कापड, बांबू, प्लास्टिकच्या खुर्च्या, सतरंज्या: प्रयोगशाळेत आम्ही मोठ्या आगीसाठी लाकडं रचतो, त्याहून हे सरपण चांगलं होतं. आणि त्याच्या वर, एकावर एक, लोकांची घरं. त्या भिंतीत बहुतेकांच्या मुलांच्या झोपायच्या खोल्या आहेत.

मी अध्यक्षांकडे गेले. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही अभ्यासू माणसं. पण लायटर तुमच्यासमोरच लावला होता ना?"

मी म्हटलं, मांडव हा लायटर नव्हे. ते हसले आणि मी घाबरवते आहे, असं त्यांनी मला समजुतीच्या स्वरात सांगितलं. त्यात दिवाळीला आठवडा असताना एका संध्याकाळी शेजारच्या सोसायटीतून आलेला एक बाण भिंतीवर आपटला. मुठीएवढा खळगा पडला आणि विझला. अध्यक्षांनी त्या खळग्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'परीक्षेत उत्तीर्ण.' अंगठ्यांचा पाऊस पडला.

राहिले आबा. ही इमारत ज्या शेतावर उभी आहे ते त्यांचं. मोबदल्यात मिळालेल्या वरच्या दोन मजल्यांवर त्यांची मुलं, सुना, नातवंडं राहतात. सोसायटीत आबांना पद नाही आणि त्यांच्याशिवाय पान हलत नाही. मी त्यांना सांगितलं की मला भिंतीची काळजी वाटते, चाकणला चला, दाखवते. आबा म्हणाले, "अध्यक्षास्नी बी घिऊ. येकल्यानं बघून काय उपेग?"

तसे आम्ही तिघं गेलो. गाडीत अध्यक्ष फटाक्यांच्या लडीची लांबी सांगत होते आणि आबा खिडकीतून जुन्या वाटा शोधत होते.

कारखान्याच्या अंगणात, अग्निशमनाच्या माणसांना उभं करून, मी दोन भिंती तयार ठेवल्या होत्या. माणसाहून उंच. एकीवर उघडा फोम, दुसरीवर तोच फोम, वर जाळी आणि गिलावा. प्रमाणित चाचणीला याहून कितीतरी मोठी भिंत लागते, हेही मी सांगून टाकलं, कारण आमच्याकडे अंगणातल्या खेळालाच चाचणी म्हणण्याची पद्धत आहे. दोन्हींच्या पायथ्याशी सारखीच लाकडं रचली.

आधी गिलाव्याची भिंत. ज्वाळा वर घासत राहिल्या, भिंत काळी पडली, बारीक तडा गेला. लाकडं जळून गेली. आगीला खायला दुसरं काही मिळालं नाही. गिलावा फोमपर्यंत ज्वाळ पोचू देत नाही आणि हवाही. मागचा फोम उष्णतेनं वितळला तरी तो गिलाव्याच्या आड वितळतो.

मग उघडी भिंत. सुरुवातीला फोम आकसून मागे सरला, अगदी लायटरसमोर सरला होता तसा. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. पण मागे सरायला जागा किती असणार? आग मोठी होती आणि जात नव्हती. फोम वितळून थेंब थेंब खाली पडू लागला, थेंब पेटलेलेच, आणि खाली त्यांचं जळतं डबकं झालं. डबक्यानं आग आणखी वाढवली, आणि ज्वाळ एकदम वरच्या टोकाच्या बाहेर गेली. काळा धूर कारखान्याच्या पत्र्यावर पसरला. मी हात वर केला आणि माणसांनी पाणी मारलं.

 आबांनी टोपी काढून हातात धरली होती.

"आमी वरच्या मजल्याव ऱ्हातो," ते म्हणाले. मग अध्यक्षांकडे वळून, "मांडव लांब घ्या. फटाकं न्हाई. आन् गिलावा उद्यापास्नं."

अध्यक्ष म्हणाले, "पण आबा, सांधे दिसतील."

मी त्यांना दोन थरांची गोष्ट सांगितली. ती त्यांनी पहिल्यांदाच ऐकली. मग कंत्राटदाराला फोन लावून दोनच वाक्यांत बोलणं संपवलं. त्यांच्या बाबतीत तो विक्रमच.

गवंडी मराठवाड्यातले, दिवाळीला गावी निघालेले. आबांनी त्यांना काय सांगितलं कोण जाणे, पण ते नरक चतुर्दशीच्या संध्याकाळपर्यंत थांबले. गच्चीवरून सोडलेल्या झुल्यावर उभं राहून तळापासून वर जाळी दाबत आणि गिलावा ओढत गेले. सहाव्या मजल्याच्या खिडक्यांच्या माथ्यापर्यंत करडा रंग पोचला आणि ते गाडीला गेले. त्यावर तसाच पांढरा फोम.

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ आली. आग विझवायच्या पाण्याचा पंप चालतो का, हे मी आधीच सुरक्षारक्षकाबरोबर पाहून घेतलं होतं. आबांचा थोरला मुलगा सहाव्या मजल्याच्या जिन्यात पाण्याच्या नळीपाशी उभा. मी खाली, मान वर करून. आजूबाजूच्या सगळ्या सोसायट्या आपापलं वैभव आकाशात सोडत होत्या.

एक बाण तिरका आला आणि सहाव्या मजल्यावरच्या एसीच्या लोखंडी चौकटीत अडकला. तिथे कबुतरांचं घरटं होतं: काड्या, पिसं, कुणाच्या तरी झाडूचे तंतू. ते भडकलं. ज्वाळ करड्या भिंतीवर चढली, हातभर, मग आणखी. तिच्या टोकापासून पांढरा फोम फार लांब नव्हता. मी आबांच्या मुलाला फोनवर फक्त मजला आणि खिडकी सांगितली. वरून कुणी तरी "कुठली? कुठली?" विचारत होतं. ज्वाळ वाकली, सरळ झाली, पुन्हा वर गेली. मग खिडकी उघडली आणि पाण्याची धार आली, आधी हवेत, मग घरट्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांच्या मुलाने खिडकीतून हात काढून तो काळा डाग बोटांनी वाजवला. पोकळ आवाज आला. मागचा फोम ताटाएवढा वितळला होता. गिलावा उभा होता.

त्याच संध्याकाळी पाडव्याचा मांडव फाटकाजवळ उभा राहिला. अध्यक्षांनी करड्या, डागाळलेल्या भिंतीकडे पाठ करून भाषण केलं. त्यात सुरक्षेची आपल्याला पहिल्यापासूनच किती काळजी होती, हे विस्ताराने आलं. आबा माझ्या शेजारच्या खुर्चीवर होते. ते हळूच म्हणाले, "बोलू द्या, ताई. त्येंचा बी गिलावा हाय त्यो."

दिवाळीनंतर गवंडी परतले. डागाचा तुकडा कापून नवा बसवला, वरपर्यंत जाळी गेली, आणि मग रंगीत थर अख्ख्या भिंतीवर एका दमात चढला. एकही सांधा दिसत नाही. अध्यक्षांचं तेवढं म्हणणं खरं ठरलं. परवा आबा खाली भेटले तेव्हा त्यांनी विचारलं, डाग नक्की कुठं होता. मी सहावा मजला मोजला, बोट वर केलं, आणि एसीच्या चौकटीच्या वर, साधारण तिथेच, असं सांगितलं. चौकटीत कबुतरांनी पुन्हा काड्या आणून ठेवल्या होत्या. आबांनी त्या काढायला मुलाला फोन लावला.