तळमजल्याच्या नकाशात घर नव्हतं

माझी नजर गेली तवापासून सोसायटीच्या मीटिंगचे मिनिट्स, म्हंजे काय ठरलं ते, मी मोबाईलकडून ऐकते. पन सेक्रेटरी कागदाचा फोटो पाठवायचे, नि मोबाईल नुसतं "चित्र" बोलून गप.

बिल्डिंग पाडून नवीन बांधायची होती. लिफ्ट बंद पडली तर मी वरच कोंडनार, म्हनून मी मीटिंगमधे तळमजल्याचं घर मागितलेलं. ते लिहिलं का दाबलं, कोन सांगनार?

कमिटीतल्या एका पोरीला बोलले, "मुद्दाम फोटो पाठवता ना गो?"

"नाही हो मावशी. मी टाईप करून देते."

तिने पाठवलेल्या मिनिट्समधे मोबाईल एका मथळ्यावरून दुसऱ्यावर जायचा. "पुनर्विकास" आला तशी मी थांबले. खाली साधा तक्ता. माझी ओळ वाचली, "मागणी तळमजला, निर्णय मंजूर."

तरी मन मानेना. आमची खाडीकाठची शेती गेली तवा पन सगले गोडच बोललेले.

पुढं नकाशा होता. त्यात काय हाय ते पोरीने चित्राला लिहून जोडलेलं. मोबाईल बोलला, "तळमजल्याचा नकाशा. डावीकडे दुकानं, उजवीकडे पार्किंग."

घर कुठंच नाय.

पोरीला फोन लावला. "अगं बाई! मीच लिहिलं, नि माझ्याच ध्यानात आलं नाही."

पुढच्या मीटिंगला सेक्रेटरी बोलले, "मिनिट्स मंजूर करा, हात वर."

मी उठले. "आधी नकाशात माझं घर दाखवा."

डोळेवाले सगले नकाशात शोधत बसले. मिनिट्स त्या दिवशी मंजूर झाले नाय.