सवाय म्हणजे स्वस्त

माझा मुलगा रायपूरला जन्मला, रायपूरला शिकला आणि माझ्याशी आयुष्यभर हिंदीत बोलत आला. मी मराठीत विचारायचं, त्यानं हिंदीत उत्तर द्यायचं, असं आमचं घर चालत आलं. मी रागावले, रुसले, एकदा तर दोन दिवस त्याच्या हिंदी बोलण्याला उत्तरच दिलं नाही. काही उपयोग झाला नाही. त्यामुळे नात झाली तेव्हाच मी ठरवून टाकलं होतं की ही पोरगी माझी. आई नवा रायपूरला ऑफिसात, बाप सिलतऱ्याच्या कारखान्यात, म्हणजे दिवसभर ती माझ्याच ताब्यात. हिच्या तोंडून तरी मराठी ऐकीनच.

आणि ऐकली. चार वर्षांची होईपर्यंत ती माझ्यासारखीच बोलायची, ‘मले’ आणि ‘तुले’सकट. मग उन्हाळ्यात दोन महिने ती आईच्या माहेरी, गोव्याला गेली आणि सगळा घोळ झाला.

परत आली तेव्हा ओसरीवर भाज्या मांडून बाजार-बाजार खेळत होती. मी गिऱ्हाईक झाले. ती वांगं पुढं करून म्हणाली, “आजी, पळे!”

“पळे नाही. पळणं म्हणजे धावणं. बघ म्हण.”

“पळे म्हणजे बघच असतं.”

“चूक आहे,” मी म्हटलं.

थोड्या वेळानं तिला तहान लागली. “मले पाणी जाय,” म्हणाली. म्हणजे तिला पाणी हवं होतं. मी ते दुरुस्त केलं. मग म्हणाली, “पाणी हाड.” आता मात्र माझं डोकं फिरलं. “हाड कुत्र्याले म्हणतात! आजीले हाड म्हणते काय तू, पोट्टे?” ती रडकुंडीला आली. तिच्या मते तिनं फक्त पाणी आणायला सांगितलं होतं.

संध्याकाळी सून म्हणाली, “आई, ते चुकीचं नाहीये. ते शब्द कोंकणी आहेत.”

“असू दे ना. तिनं कोंकणी तुझ्याशी बोलावी, मराठी माझ्याशी.”

मला हे अगदी न्यायाचं वाटलं होतं. पाच वर्षांच्या पोरीला ही सीमा कुठून कळणार, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. मी नियम केला की वाकडा शब्द आला की सरळ शब्द तीनदा म्हणायचा. ‘बघ, बघ, बघ.’ ती म्हणायची. सुरुवातीला हसत म्हणायची, मग नुसतीच म्हणायची.

दिवाळीनंतर विहीणबाई पंधरा दिवसांसाठी आल्या. त्यांची मराठी ऐकून मीच वरमले. लहानपणी मराठी शाळेत शिकलेल्या, एकेक वाक्य पुस्तकातल्यासारखं स्वच्छ. कोंकणी त्या फक्त लेकीशी आणि नातीशी बोलायच्या. दोन भाषा दोन डब्यांत ठेवाव्यात आणि हवा तो डबा उघडावा, इतक्या सहज. हिंदी मात्र त्यांना जेमतेम यायची. नातीला स्वतःच्या हातचं माशाचं कालवण खाऊ घालायचं, एवढी एकच इच्छा घेऊन त्या आल्या होत्या. म्हणून रविवारी आम्ही तिघी बाजारात गेलो.

समुद्राचा मासा नाही म्हणून त्यांनी आधी तोंड वाकडं केलं, मग रोहूच्या ढिगापाशी थांबल्या. “हाचे दोळे पळे,” नातीला म्हणाल्या. माशाचे डोळे बघ, ताजा असेल तर स्वच्छ दिसतात, असं त्या शिकवत होत्या. नातीनं माशाकडे बघितलंच नाही. तिनं आधी माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

मासेवाला भाव सांगून, इकडे आईला म्हणतात तसं ‘दाई’ म्हणत बोलला, “ले जा दाई, एकदम ताजा हे.”

“तो कितें म्हणटा?” विहीणबाईंनी नातीला विचारलं.

नात पुन्हा माझ्याकडे बघून म्हणाली, “नानी, वो बोल रहे हैं ताज़ा है.”

नानी! दोन्ही बाजूंना आजीच होती आमच्याकडे, हे नानी कुठून आलं? विहीणबाईंनी एकदा तिच्याकडे वळून बघितलं. मग भाव ऐकून त्यांनी मान हलवली आणि नातीला म्हणाल्या, “हें सवाय आसा. हेंच घेवया.”

माझ्या कानावर ‘सवाय’ पडलं आणि मला वाटलं, सवाई. म्हणजे हा माणूस सव्वापट भाव सांगून राहिला. विहीणबाई पाहुण्या, त्यांना कोणी लुटावं आणि मी बघत राहावं? मी मासेवाल्यावर अशी तुटून पडले की आजूबाजूचे थांबून बघायला लागले. तो बिचारा म्हणे, “दाई, पूरे बाजार में इससे सस्ता मिलेगा तो मैं फ्री में दे दूँगा.” मी ऐकेना. शेवटी त्यानं मासा उचलून मागं ठेवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

विहीणबाई हळूच म्हणाल्या, “मी तर स्वस्त आहे असं म्हणत होते. आमच्याकडे सवाय म्हणजे स्वस्त.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि अशा वेळी मी जे करते तेच केलं, दुसऱ्यावर चिडले. नातीला म्हटलं, “तुले माहीत होतं ना? मग सांगितलं काहून नाही?”

“आपने बोला था वैसे वर्ड गलत हैं.”

“कोंकणी नाही तर नाही, मराठीत सांगायचं होतं!”

“उसमें भी आप डाँटती हो,” ती म्हणाली. “हिंदी में कोई नहीं डाँटता.”

खरंच होतं ते. मुलापुढे हरल्यापासून हिंदी शब्द आला तर तो परका म्हणून मी सोडून द्यायची. कोंकणी शब्द मात्र चेहऱ्यानं मराठीसारखाच, म्हणून तो मला बिघडलेला मराठी वाटायचा आणि मी त्याचा कान पिळायची. बोलताना कुठला शब्द कुणाचा हे त्या पोरीला कळत नव्हतं, आणि प्रत्येक वेळी धाक होता. तिनं धाक नसलेली भाषा निवडली.

विहीणबाई वाकून म्हणाल्या, “तुका कितें जाय गो बाये?” तुला काय हवंय, एवढंच.

“कुछ नहीं, नानी.”

त्या सरळ झाल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “उन्हाळ्यानंतर फोनवर ती माझ्याशी कोंकणीत बोलायची. मग ते बंद झालं. मला वाटत होतं, माझंच काहीतरी चुकलं असेल. तिला लागेल असं मीच काही बोलले असेन.”

“तुमचं नाही,” मी म्हटलं. “माझं चुकलं.” आणि ‘बघ, बघ, बघ’सकट सगळं सांगितलं. त्या दुसऱ्या पाटीकडे वळून माशांचे डोळे तपासू लागल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. तिथलाच मासा घेऊन आम्ही घरी आलो.

जेवताना मी नातीला जवळ घेतलं. म्हटलं, पळे म्हण, बघ म्हण, तुझ्या मनात येईल ते म्हण, आता मी रागावणार नाही.

तिनं घास तसाच ठेवून विचारलं, “पर सही कौन सा है?”

“दोन्ही.”

“दोनों सही नहीं हो सकते,” ती म्हणाली. “आप ही ने सिखाया था.” आणि माशाचा काटा काढून देण्यासाठी ताट माझ्याकडे सरकवलं.