उशा शिवणाऱ्या मावशीचा पहिला पहारा

तीस वर्षं बाळांच्या उशा शिवत आलेल्या मावशीवर बाळ सांभाळायची वेळ त्या संध्याकाळी पहिल्यांदाच आली. तिला स्वतःचं मूल नव्हतं. भाचीच्या तान्ह्या लेकीसाठी शिवलेली मऊ उशी तिनं पिशवीतून काढली, तर भाचीनं तिच्या हातात कागदच ठेवला.

"यात सगळं लिहिलंय, मावशी. रागावू नकोस."

साडेसातला अंग पुसायचं, मग दूध, ढेकर, दिवा मंद. उताणंच झोपवायचं. गादी कडक आणि कॉट रिकामी. उशी नाही, दुलई नाही, खेळणं नाही. श्वास कोंडू शकतो.

"म्हणजे जन्मभर मी बाळांचे श्वास कोंडायचेच उद्योग केले म्हण."

"तुला कुठं माहीत होतं गं?" म्हणत भाची नवऱ्याबरोबर बाहेर पडली.

तासाभरानं बाळ रडत उठलं. मावशीचा हात सवयीनं उशीकडे गेला आणि तिथंच थबकला. तिनं कागद पाहिला. क्षणभर थांबायचं, छातीवर हलका हात ठेवायचा, लंगोट तपासायचा. उचललं तरी कुशीत घेऊन सोफ्यावर झोपायचं नाही. शांत होत नसेल तर फोन करायचा.

तिनं हात ठेवला. पोर उघड्या गादीवर गाढ झोपली. मावशीची उशी तिला लागलीच नाही.

सकाळी, मावशी उशा शिवायची त्या दुकानात, मालकानं चाळीस उशांचं कापड पुढ्यात टाकलं.

"शेठ, बाळाला उशी लागत नाही म्हणे. धोका असतो."

"बाळाला नसेल लागत, गिऱ्हाइकाला लागते."

मावशीनं चष्मा पुसला आणि मशीनमध्ये दोरा ओवला.