अंगठ्यांचं रजिस्टर

त्या वर्षी बोंडअळीने कापूस खाल्ला आणि फवारणीने माणसं खाल्ली. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात खाटा पुरल्या नाहीत, खाली सतरंजीवर लोक झोपवले होते. मी तेव्हा वणी रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढून कापसाच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, निर्यातीचे कागद बघायची. कापसाच्या गाठी बांगलादेशला जायच्या. बाभुळगावहून मी रोज एसटीने जायची, आणि मला अजून राग येतो तो त्या वर्षीच्या एका रजिस्टरचा.

आमचे शेठ मुसलमान, तीन पिढ्यांचे कापूस व्यापारी, माणूस वाईट नव्हता. आदल्या हंगामात आमचा एक कंटेनर कस्टमवाल्यांनी तपासणीसाठी उघडला होता. गाठी बाहेर काढल्या, अवकाळी पाऊस आला, गाठी भिजल्या आणि जहाज चुकलं. खरेदीदाराने पत्रात फक्त दोन ओळी लिहिल्या, पण शेठ ते पत्र आठ दिवस खिशात घेऊन फिरले. म्हणून नागपूरच्या एका सल्लागाराने जेव्हा सांगितलं, की सरकारची विश्वासू निर्यातदारांसाठी एक योजना आहे, एईओ, तिचं प्रमाणपत्र मिळालं की आपला माल कमी वेळा उघडतात आणि कारखान्यात सील झालेला कंटेनर सरळ बंदरात जातो, तेव्हा शेठ लगेच तयार झाले.

योजनेला पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीला कागद तपासतात. दुसरीला कस्टमचे अधिकारी स्वतः कारखान्यात येऊन सगळं बघतात. आम्हाला दुसरी हवी होती. त्यासाठी कुंपण, कॅमेरे, आल्यागेल्यांची नोंद, नोकरांची पडताळणी, गाठी भरण्याआधी कंटेनर सात ठिकाणी तपासायचा, सील कोणी लावलं ते लिहायचं, आणि कामगारांना हे सगळं शिकवलं याची नोंद ठेवायची. मला हे पटलं होतं. नियम वाचताना वाटलं, यात खोटं काही नाही. जो माणूस आपला माल नीट सांभाळतो, त्याला लवकर सोडतात, बास.

खोटं आणलं त्या सल्लागाराने. तो एके दिवशी बॅगेतून कोरी रजिस्टरं घेऊन आला. म्हणाला, "मागच्या दोन वर्षांचं प्रशिक्षण दाखवायचं आहे. महिन्यातून एकदा. तारखा मी लिहून देतो, तुम्ही फक्त अंगठे घ्या. वेगवेगळ्या शाईचे पेन वापरा."

मी शेठकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मी रजिस्टरं उचलून घेतली, आणि तो माझा पहिला गुन्हा.

लोडिंगचा मुकादम हा आमच्याकडचा सर्वांत जुना माणूस होता. गावी त्याचं तीन एकर शेत होतं, हंगामात तो आमच्याकडे गाठी भरायला वीस माणसांची टोळी घेऊन यायचा. थोडं वाचायला यायचं, पण सही करायची सवय नव्हती. मी त्याला शाईचा पॅड दिला. तो एकेक ओळ बोटाने दाबत गेला. मग एका ओळीवर थांबला. तारीख भादव्यातली होती.

"ताई, हे कायचं हाय?"

मी सांगितलं, त्या दिवशी सुरक्षेचं प्रशिक्षण झालं असं आहे.

"त्या दिवशी तर जिनिंग बंद होतं. आन मी दवाखान्यात होतो. डोळ्याले पट्टी होती माह्या. तुमच्या कागदात मी इथं कसा आलो?"

त्याचा आवाज चढला नव्हता. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. फवारणी करताना वारा उलटला होता, औषध थेट तोंडावर आलं, नऊ दिवस तो खाटेवर होता. उजव्या डोळ्यावर तेव्हापासून धूर धरल्यासारखं राहिलं होतं. हे मला माहीत होतं, मीच भेटायला गेले होते. आणि तरी त्याच तारखेसमोर मी त्याचं बोट धरलं होतं.

मी रजिस्टर मिटलं, शेठच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "हे मी करत नाही. अर्जावर शेवटी लिहिलं आहे, दिलेली माहिती खरी आहे. खाली सही तुमची आहे, आणि संपर्क म्हणून नाव माझं आहे."

सल्लागार हसला, म्हणाला, सगळे असंच करतात. मी त्याला सांगितलं, की सगळ्यांच्या कारखान्यातला माणूस त्या तारखेला विषबाधेच्या खाटेवर नव्हता. अधिकाऱ्याने उद्या सहज विचारलं, की भादव्यात जिनिंग चालू होतं का, तर वीजबिल सांगेल. मग प्रमाणपत्र तर जाईलच, आणि खोटी माहिती दिली म्हणून पुढचा अर्जही अडकेल.

शेठना राग आला. माझ्यावर आला की सल्लागारावर, ते मला आजही कळलेलं नाही. संध्याकाळी मला बोलावून एवढंच म्हणाले, "बेटा, जे खरं हाय तेच लिव. उशीर झाला तर होऊ दे." ती रजिस्टरं त्यांनी स्वतः चहाच्या भट्टीत टाकली. सल्लागार मात्र गेला नाही. त्याची फी ठरलेली होती.

आम्ही अर्जात लिहिलं, की प्रशिक्षण आतापासून सुरू केलं आहे. मग खरोखर सुरू केलं. रिकाम्या कंटेनरची पुढची भिंत, दोन्ही बाजू, छत, जमीन, दारं आतून-बाहेरून, आणि खालचा सांगाडा. मुकादम काठीने ठोकून ऐकायचा. भिंत पोकळ असेल तर आवाज वेगळा येतो, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. सील लावलं की आधी पाहायचं, नंबर कागदाशी जुळवायचा, ओढायचं, पिळायचं. तो हे टोळीला असं समजावून सांगायचा, की मी बाजूला उभी राहून लिहून घ्यायची.

कस्टमच्या अधिकारीबाई आल्या तेव्हा त्यांनी शेठना आणि मला कमी आणि मुकादमाला जास्त विचारलं. प्रशिक्षण किती वेळा झालं, असं विचारल्यावर तो म्हणाला, "तीनदा झालं. त्याच्याआधी झालं नव्हतं." सल्लागाराने माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं नाही. अधिकारीबाईंनी ते लिहून घेतलं. सीलचा नंबर वाचायला सांगितला, तेव्हा मुकादमाने चेहरा अगदी जवळ नेला, डावा डोळा लावला आणि एकेक अंक बरोबर वाचला. त्यांनी मागचं कुंपण आणि पाहुण्यांचे पास यात उणीव काढली. ते दुरुस्त करून कळवायला आम्हाला वेळ दिला. प्रमाणपत्र पुढच्या हंगामाच्या तोंडावर आलं. आमचे कंटेनर सरळ बंदरात जाऊ लागले, त्या हंगामात एकही उघडला नाही.

इथे थांबलं असतं तर बरं झालं असतं.

प्रमाणपत्र आल्यावर पंधरा दिवसांनी सल्लागार पुन्हा आला. म्हणाला, सील बघणाऱ्या माणसाची नजर चांगली पाहिजे, नंबर एक जरी चुकला तर पुढच्या पडताळणीत अडचण येईल. शेठ म्हणाले, बरोबर आहे. मुकादमाला कापूस वेचून वेगळा करायच्या शेडमध्ये पाठवलं, तिथे बायका काम करायच्या. टोळीची मुकादमकी गेली. कोणाकडे काय जबाबदारी आहे, ती यादी बदलायची होती, ती मी बदलली.

त्याच आठवड्यात मी शेठना म्हटलं, लोडिंगच्या माणसांना आपण हातमोजे आणि तोंडाचे मास्क देतो, फवारणीच्या दिवसांत तेच घरी नेऊ द्या. ते म्हणाले, "शेतातलं त्यांचं त्यांनी पाहावं बेटा, ते आपल्या कंपाउंडच्या आत येत नाही." रागाने म्हणाले नाहीत, नियम सांगितल्यासारखं म्हणाले. त्या रात्रीपासून मी त्याला उत्तर शोधते आहे. कंटेनरच्या सात बाजू कोणी तपासल्या, ते विचारायला अधिकारी नागपूरहून येतात. फवारणीचा पंप पाठीवर घेणाऱ्या माणसाच्या एका डोळ्याचं विचारायला कोणीही आलं नाही.

मुकादम शेडमध्ये दोन हंगाम होता. मला पाहिलं की म्हणायचा, "ताई, आज किती डबे निंघाले?" डबे म्हणजे कंटेनर. मी आकडा सांगायची. त्याने कधी मला दोष दिला नाही, आणि मला त्या दोष न देण्याचाच जास्त राग यायचा. मग मी स्वतःच नोकरी सोडली.